गच्चीचं वॉटरप्रूफिंग: 38 रुपये फुटाला आणि वॉरंटीचा तो कागद

काम आठ दिवसांत उरकलं. कागदाला तीन महिने लागले. अजूनही त्या वितरकाच्या दुकानावरून जाताना माझं डोकं तापतं, म्हणून हे लिहून टाकते आहे.

आमचं घर साताऱ्यात, स्लॅब पंचवीस वर्षांपूर्वीचा. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात ओट्याच्या बरोबर वर थेंब पडायला लागला आणि सासूबाई दोन महिने पातेलं लावून पोळ्या करत होत्या. मे महिन्यात मी दर मागवले. एकाने वर नवा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, सुचवला, फुटाला 150 रुपये. जुना कोबा तसाच ठेवून त्यावर आणखी साडेचार इंच म्हणजे प्रत्येक फुटावर सुमारे वीस किलो नवं वजन. ओळखीच्या इंजिनिअरांनी ऐकताक्षणी नको म्हटलं, तिथेच तो विषय संपला. उरले दोघे, आणि दोघेही अॅक्रिलिक कोटिंगवाले. पहिला 38 रुपये फुटाला, चार कोट, दहा वर्षं वॉरंटी. दुसरा 62 रुपये, प्रायमर आणि मध्ये जाळी घालून दोन कोट, सात वर्षं वॉरंटी. घरात सगळ्यांनी पहिल्यालाच कौल दिला. कोट जास्त, वर्षं जास्त, पैसे कमी!

मी फक्त एक केलं. दोघांना विचारलं, "फूट म्हणजे कुठले फूट?" आमची गच्ची 30 बाय 35, म्हणजे 1,050 चौरस फूट. चारी बाजूंचा कठडा धरला तर लांबी 130 फूट. दुसऱ्याने कठड्यावर आतून एक फूट उंचीपर्यंत कोटिंग धरलं होतं, एकूण 1,180. पहिल्याने कठडा तीन फूट धरला होता, एकूण 1,440. शिवाय कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथली गोलाई, म्हणजे वाटा, त्याच्याकडे वेगळी, 60 रुपये धावत्या फुटाला. जीएसटी 18 टक्के तोही वेगळा. दुसऱ्याच्या 62 मध्ये वाटा आणि कर दोन्ही होते.

रात्री हिशेब मांडला. पहिल्याचे 54,720, वाट्याचे 7,800, वर कर, एकूण 73,774. दुसऱ्याचे 73,160. म्हणजे 38 वाला सहाशे रुपयांनी महाग! हां, त्याचा कठडा तीन फूट रंगून निघाला असता, पण त्या उंचीवर पाणी साचत नाही. तिथे साधा बाहेरचा रंग पुरतो.

मग कोटांचं. चार कोट म्हणजे नेमकं काय, हे विचारण्यापेक्षा "गच्चीवर 20 लिटरच्या बादल्या किती लागणार?" हे विचारा. पहिल्याने चार सांगितल्या, दुसऱ्याने आठ. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला की ओला थर एक मिलिमीटरचा होतो, आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहतो तो फक्त घन भाग. दोघांच्या मालाच्या माहितीपत्रकात तो आकारमानाने 55 टक्के होता. पहिल्याचे 80 लिटर 134 चौरस मीटरवर, म्हणजे वाळल्यावर थर 0.33 मिलिमीटर, जेमतेम पोस्टकार्डाएवढा. दुसऱ्याचे 160 लिटर 110 चौरस मीटरवर, म्हणजे 0.8. पहिल्याचे चार कोट पाणी घालून पातळ केलेले असणार, हे सांगायला आता कोणी लागत नव्हतं. काम चालू असताना मी रिकाम्या बादल्या जिन्यात मोजून ठेवल्या होत्या, आणि मिस्त्री हसत होते.

मजुरीचंही विचारून ठेवलं होतं. दुसऱ्याने तीन माणसं सहा दिवस धरली होती, दिवसाला 800 रुपये. त्यातले पहिले तीन दिवस कोटिंगचा डबाच उघडला नाही. घासणं, धुणं, कोबा ठोकून पोकळ वाजतो तिथे फोडणं, भेगा व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरणं. पहिल्याने सगळं मिळून तीन दिवसांत देतो म्हटलं होतं. स्वस्त दर नेमका या तीन दिवसांतून निघतो.

दुसऱ्यालाच काम द्यायचं ठरलं. आता वॉरंटी. त्यांना म्हटलं, सात वर्षांचा कागद आधी दाखवा. "काम झाल्यावर मिळतो वहिनी, काळजी नको." मी अडून बसले. नमुना आला तो वितरकाकडून, आठ दिवसांनी, आणि वाचून झोप उडाली. कंपनी देणार ती फक्त मालाची वॉरंटी. गळती झाली तर बादल्या मिळतील, त्याही उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात. खरवडायची आणि लावायची मजुरी आमची. पाणी साचून राहत असेल तर वॉरंटी नाही, स्लॅबला नवी भेग गेली तर नाही, नंतर गच्चीला भोक पाडून काही बसवलं तर नाही. शिवाय काम सुरू होण्याआधी कंपनीचा माणूस येऊन जागेची नोंद करणार, तरच.

तो माणूस 12 मेला "उद्या" येणार होता. मी रोज फोन करत होते. वितरकाच्या काउंटरवरचा मुलगा आवाज ओळखून "साहेब बाहेर गेलेत" म्हणायला लागला. तिकडे मृग तोंडावर, मजूर दुसऱ्या साइटवर जायला टपलेले. एका संध्याकाळी मी दुकानात जाऊन खुर्चीत बसले आणि साहेब येईपर्यंत उठणार नाही म्हणाले. 27 तारखेला माणूस आला, दहा मिनिटांत फोटो काढून गेला. दहा मिनिटांचं काम!

या पंधरा दिवसांत एक गोष्ट बरी झाली. कंत्राटदाराकडून त्यांच्या स्वतःच्या लेटरहेडवर वेगळं लिहून घेतलं: पहिली तीन वर्षं गळती निघाली तर मजुरी त्यांची, कळवल्यापासून पंधरा दिवसांत. सात वर्षांच्या छापील कागदापेक्षा मला या चार ओळींचा जास्त आधार वाटतो.

राहिलंच, कोटिंगच्या आदल्या रात्री प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून गच्चीवर चिकटवा. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर स्लॅब ओला आहे, थांबा. आमच्याकडे पहिल्या कोटनंतर वळीव आला, दोन दिवस गेले. कोटिंग वाळल्यावर आठवड्याने खुऱ्याचं, म्हणजे पाणी बाहेर जायच्या वाटेचं, तोंड बंद करून इंचभर पाणी भरून दोन दिवस ठेवलं. त्याला सुमारे अडीच हजार लिटर लागतात. उन्हाळ्यात एवढं पाणी कुठून आणायचं, हे आधी ठरवून ठेवा. आम्ही पावसाची वाट पाहिली, खुरा बंद करून दोन सरींत भागलं. छत कोरडं.

जुलैत वॉरंटीचा कागद आला. त्यावर क्षेत्रफळ 1,050! वाटा आणि कठड्याचा फूटभर पट्टा गायब. गळती बहुधा सुरू होते ती त्याच कोपऱ्यातून. परत दिला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "एवढ्यानं काय फरक पडतो?" मी त्याला बिलावरच्या आठ बादल्या दाखवल्या, बॅच नंबरांसकट. 1,180 लिहिलेला कागद 19 ऑगस्टला हातात पडला, तोही मीच जाऊन आणला.