मनगट, कसरत आणि तीन नापास वार

शाळेच्या जिन्याखाली दर शनिवारी लागणाऱ्या भित्तिपत्रकाचा उजवा कोपरा १९८३-८४ या वर्षी माझ्याकडे होता. त्या कोपऱ्यात ‘शब्दफोड’ नावाचे कोडे द्यावे लागे. असा एक शब्द शोधायचा, की तो एका जागी कापला असता दोन्ही बाजूंना पूर्ण, अर्थाचे शब्द उरतील. मग डाव्या तुकड्यासाठी एक, उजव्यासाठी एक आणि सबंध शब्दासाठी एक अशा तीन सूचक ओळी लिहायच्या. कोडे सोडवायला पाच मिनिटे पुरत. त्यासाठी शब्द शोधायला मात्र मला आठवडा अपुरा पडे. स्मरणिकेसाठी काही लिहा, असे शाळेने कळवले तेव्हा मला पहिल्यांदा तो आठवडाभराचा शोधच आठवला.

आमच्या मराठीच्या बाईंनी नियम समजावले ते वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे बोट दाखवून. अजिंक्यतारा हा शब्द अजिंक्य आणि तारा असा स्वच्छ फुटतो. कापताना काही सांडत नाही, काही जोडावे लागत नाही. मग त्यांनी फळ्यावर ‘महाबळेश्वर’ लिहिले आणि तो फोडायला सांगितला. आम्ही संधी शिकलेलो होतो, त्यामुळे ‘महाबळ अधिक ईश्वर’ असे उत्तर सगळ्या वर्गाने एका सुरात दिले. बाई म्हणाल्या, “हे व्याकरणात बरोबर, शब्दफोडीत चूक. ‘ईश्वर’मधला ई तुम्हांला या शब्दात कुठे दिसतो का? तो आधीच्या अ-मध्ये विरघळून ए झाला. कात्रीने कापल्यावर तुकडा जसाच्या तसा हाती आला पाहिजे, सुतारासारखी भर घालायची नाही.” अशा रीतीने विद्यालय, सूर्योदय, महोत्सव असे सगळे भारदस्त शब्द पहिल्याच दिवशी बाद झाले.

दुसरा नियम अक्षरांचा होता. कात्री दोन अक्षरांच्या मधूनच चालेल. मात्रा आपल्या अक्षराला सोडणार नाही आणि जोडाक्षर फुटणार नाही. त्यामुळे ‘चमत्कार’मध्ये ‘कार’ ऐकू येत असली, तरी ती बाहेर काढता येत नाही, कारण तिचा क आधीच्या त-ला चिकटलेला आहे. तिसरा नियम असा, की कोणताही तुकडा दोन अक्षरांपेक्षा लहान नसावा. मराठीत मी, तू, का, ना, ही, सा, जा, खा असे एकाक्षरी शब्द इतके आहेत, की त्यांना परवानगी दिली तर ‘काही’ आणि ‘नाही’सुद्धा कोडे होऊन बसतात. आमच्या गावाचे नाव ‘सा’ आणि ‘तारा’ असे फुटते, हे मी मोठ्या अभिमानाने दाखवायला गेलो होतो आणि याच नियमाने परत आलो.

या तिसऱ्या नियमाचा खरा फायदा शोधताना कळतो. चार अक्षरांच्या शब्दाला एकूण तीन जागी कापता येते, पण कडेच्या दोन जागी एकटे अक्षर सुटते, म्हणून बरोबर मध्यावरची एकच जागा तपासावी लागते. पाच अक्षरी शब्दाला अशा दोन जागा असतात, सहा अक्षरीला तीन. म्हणून नवशिक्याने चार अक्षरी शब्दांतच शोधावे. पाच अक्षरीत फसवणूक कशी होते, हे मला सज्जनगडाने शिकवले. मी डावीकडून वाचत गेलो, दुसऱ्या अक्षरावर ‘सज्ज’ हा चांगला शब्द सापडला आणि आनंदाने तिथेच कापले. उजवीकडे ‘नगड’ उरले. आता हा शब्द फुटत नाही असे समजून मी तो खोडलासुद्धा. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने एक अक्षर पुढे सरकून ‘सज्जन’ आणि ‘गड’ दाखवले, तेव्हापासून मी डावा तुकडा जमला म्हणून थांबणे सोडले आणि उजव्या टोकाकडून तपासायला लागलो.

उजव्या टोकाकडून शोधणे ही पुढे माझी रीतच झाली. खडूच्या रिकाम्या खोक्यांत मी दोन अक्षरी शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवत असे: वार, कार, दार, बार, गट, मळ, रत, शील, माग, वास. एक चिठ्ठी काढायची आणि तिच्या आधी काय काय उभे राहते ते आठवत बसायचे. ‘कार’च्या खोक्यातून सरकार निघाले, ‘वार’मधून तलवार, ‘बार’मधून दरबार, ‘शील’मधून कानशील. ‘दार’च्या खोक्यात सुरुवातीला गर्दी उसळली, कारण फारसीतून आलेला तो प्रत्यय मराठीत जागोजागी आहे; सरदार, फौजदार, दुकानदार हे सगळे चालले. सुभेदार आणि किल्लेदार मात्र चालले नाहीत. शब्दकोशात नोंद असते ती सुभा आणि किल्ला यांची, आणि बाईंचा आग्रह होता की तुकडा कोशातल्या मूळ रूपातच हवा. विभक्तीची, अनेकवचनाची आणि क्रियापदांची सगळी रूपे घेतली, तर मराठीत फुटणार नाही असा शब्दच उरणार नाही, हे त्यांचे म्हणणे मला तेव्हा जाचक वाटले होते, आज पटते.

माझी सर्वांत मोठी फजिती एका सोमवारी झाली. चालू आठवड्याचेच कोडे करावे म्हणून मी शनिवारी ‘रविवार’ लावला होता: पहिली दोन अक्षरे आकाशात, पुढची दोन तलवारीची, चारही मिळून सुट्टी. बाईंनी कागद उतरवून वर्गात आणला आणि मला फळ्यावर सूर्याचे नाव लिहायला लावले. मी ‘रवी’ लिहिले, दीर्घ वेलांटीने, कारण तसेच शिकवलेले होते. “मग रविवारातला रवि कुठे गेला?” असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्या लक्षात आले. मराठी साहित्य महामंडळाच्या आणि १९६२पासून चालत आलेल्या लेखननियमांनुसार, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले इकारान्त आणि उकारान्त शब्द एकटे असताना शेवटी दीर्घ लिहितात, पण समासात पहिल्या जागी आले की मूळचे ऱ्हस्वच राहतात. कवी, पण कविराज. गुरू, पण गुरुदक्षिणा. बुद्धी, पण बुद्धिवैभव. म्हणजे रविवार कापला की ‘रवि’ हा तुकडा मिळतो, आणि तो आजच्या मराठीत एकटा उभा राहू शकत नाही.

तो तास मग संपूर्ण आठवडा तपासण्यात गेला. सोम, मंगळ, बुध आणि शुक्र हे अकारान्त, त्यांना या नियमाचा स्पर्शच नाही, म्हणून त्यांचे वार स्वच्छ फुटतात. रवी, गुरू आणि शनी यांचे वार नापास. मागच्या बाकावरच्या एकाने घरच्या जुन्या कोशात ‘रवि’ ऱ्हस्वच छापलेला असल्याचे सांगितले, आणि ते खरेच होते. या नियमांच्या आधीच्या कोशांत हे शब्द एकटेही ऱ्हस्व लिहिलेले सापडतात. बाईंनी वाद न घालता निकाल दिला, की कोडे लावताना कोणता कोश प्रमाण धरला आहे ते कोपऱ्यात लिहावे. त्या जुन्या कोशाने सातही वार पास, शाळेच्या कोशाने चार. माझ्या मते या खेळात याहून शहाणा निर्णय दुसरा नाही, कारण ‘अर्थाचा शब्द’ म्हणजे शेवटी हाताशी असलेल्या यादीतला शब्द.

वेलांटी-उकाराचा हा सापळा एकदा कळला, की तो सगळीकडे दिसू लागतो. फुलपाखरू फुटत नाही, कारण एकटे ‘फूल’ दीर्घ. पाणबुडी, पाणघोडा, पाणवठा फुटत नाहीत, कारण ‘पाण’ हे पाणी या शब्दाचे समासापुरते रूप आहे. आमराई मात्र योगायोगाने वाचते: तिच्यातला ‘आम’ आंब्याचा असला, तरी ‘आम जनता’ म्हणतानाचा आम मराठीत स्वतंत्रपणे आहे, आणि राई तर फोडणीतही असते.

इथेच चांगले आणि सुमार कोडे वेगळे होते. आगगाडी नियमांत बसते, पण आग आणि गाडी सुचताच उत्तर फुटते. तुकड्यांच्या बेरजेतूनच शब्दाचा अर्थ झाला असल्यामुळे सोडवणाऱ्याला काही करावेच लागत नाही. हातमागात निदान ‘माग’ चोराचा काढता येतो, वनवासातला ‘वास’ नाकाला येऊ शकतो. पण खरी मजा त्या शब्दांत, जे मराठी कानाला जोडलेले वाटतच नाहीत. मनगटात मनही नाही आणि गटही नाही. कसरतीत सोन्याचा कस आहे आणि कामात रत असलेला माणूस आहे, हे मला ती रोज करूनही दिसले नव्हते. असे शब्द सापडण्याचे एक कारण उच्चारात आहे. चार साध्या अक्षरांचा मराठी शब्द आपण दोन-दोनच्या जोडीने म्हणतो, दुसऱ्या आणि चौथ्या अक्षरातला अ गिळतो, मन्-गट्, कस्-रत्. जिथे जीभ आपोआप थांबते, तिथेच कात्रीची जागा असते. म्हणून मी शब्द डोळ्यांनी शोधण्याऐवजी पुटपुटत शोधू लागलो, आणि घरच्यांना माझी काळजी वाटू लागली.

पुटपुटण्यातूनच अभ्यस्त शब्दांची खाण लागली. कटकट म्हणजे दोन कट, वटवट म्हणजे दोन वड, कळकळ म्हणजे दोन कळा आणि आजाऱ्याच्या घशातली घरघर म्हणजे दोन घरे. कोड्याला हे जरा सोपे, कारण एक तुकडा कळला की दुसरा फुकट. त्या खाणीतला माझा आवडता शब्द ‘तळमळ’ आहे, कारण तिथे तुकडे वेगळे पडतात: भांड्याचा तळ आणि अंगावरचा मळ.

काही वर्षांपूर्वी भाच्याने हेच काम संगणकाकडून करून घेतले. शब्दांची यादी आणि प्रत्येक जागी कापून दोन्ही तुकडे यादीत आहेत का हे पाहणारी चार ओळींची आज्ञावली, एवढेच. मात्रेपासून सुरू होणारा तुकडा यादीत नसतोच, त्यामुळे चुकीचे काप आपोआप गळाले; पण ‘काही’ आणि ‘नाही’ पुन्हा वर आले. त्याने दोनपेक्षा लहान तुकडा नको असे लिहिले होते खरे, मात्र संगणक मात्रा वेगळी मोजतो, म्हणून त्याच्या लेखी ‘मन’ही दोन आणि ‘मी’ही दोनच. मोजणी अक्षरांवर आणल्यावर यादी शुद्ध झाली. शेतकरी आणि वारकरी तिच्यात राहिले, कारण ‘करी’ आता हॉटेलातल्या रश्शाचे नाव म्हणून कोशात आली आहे. बाईंनी ती मान्य केली असती का, याबद्दल आम्हां वर्गमित्रांत अजून दोन तट आहेत.

महोत्सवात जिन्याखाली पुन्हा भित्तिपत्रक लागणार आहे आणि उजवा कोपरा मला मिळाला आहे. शब्द चार अक्षरी, कोश शाळेचाच. पहिली दोन अक्षरे पुस्तकात उलटतात, पुढची दोन कृष्णेच्या काठी माशाची वाट पाहतात, आणि चारही मिळून शिशिरात झाडाखाली पडलेली असतात.