सेन्सर, पॅरासिटामॉल आणि लिमसी

"ताई, पोराला इन्सुलिनचा पंप आणि साखर मोजणारा सेन्सर आहे. ताप आला तर पॅरासिटामॉल देऊ का? आणि सर्दीला लिमसी चालते ना? आकडे चुकतात म्हणतात."

ताप असेल तर पॅरासिटामॉल द्या. फक्त पुढचे काही तास सेन्सरच्या आकड्यावर इन्सुलिन ठरवू नका.

सेन्सरची तार साखर थेट मोजत नाही. तारेवरचं एन्झाइम साखरेवर काम करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि तारेवर ते मोडताना जो बारीकसा विद्युतप्रवाह निघतो त्याचा यंत्र आकडा करतं. यासाठी तारेला जो विद्युतदाब द्यावा लागतो, त्याच दाबाला पॅरासिटामॉलही मोडतं. तो प्रवाहही मग साखरेच्या नावावर जमा होतो. मेडट्रॉनिकच्या गार्डियन सेन्सरमध्ये हा घोळ होतो. डेक्सकॉमच्या जुन्या जी४, जी५मध्येही व्हायचा. जी६पासून तारेवरचा पडदा सुधारला, त्यामुळे मोठ्या माणसाने सहा तासांत १ ग्रॅमपर्यंत घेतलं तर चालतं.

गार्डियन पंपाला जोडलेला असेल तर खरी काळजी रात्रीची. समजा रात्री दहाला गोळी दिली. बाराला मुलाची खरी साखर ११०, सेन्सर दाखवतो १७०. पंप ऑटो मोडमध्ये आहे, तो इन्सुलिन वाढवतो. दोनपर्यंत खरी साखर ६५ वर येते आणि पडद्यावर १२० दिसतं. लो अलार्म वाजतच नाही, घर गाढ झोपलेलं. (हे आकडे समजण्यापुरते, फरक प्रत्येकाचा वेगळा.) असा परिणाम आठ तासांपर्यंतही राहू शकतो. म्हणून तेवढा वेळ पंप मॅन्युअलवर ठेवा आणि बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघा. त्या काळात बोटाचा आकडा पंपात भरून कॅलिब्रेशन करू नका: सेन्सर फुगलेल्या प्रवाहाला खरं मानून बसेल आणि औषध उतरल्यावर उगाच कमी दाखवत राहील. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

लिब्रे सेन्सरची गोष्ट उलटी. त्याची तार फार कमी दाबावर चालते, त्यामुळे पॅरासिटामॉलचा त्रास नाही. पण व्हिटॅमिन सी तेवढ्या दाबालाही मोडतं. जुन्या मॉडेलांत दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर आकडा खोटा वाढू शकतो. नव्यांत मर्यादा वाढवलीय, तेव्हा खोक्यातला कागद वाचाच. लिमसीची एक गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. चघळायला गोड, मुलं दुसरी मागतात, वर कुणीतरी पाण्यात फसफसणारी गोळी देतं. आवळा-संत्र्याची भीती नको, इतकं सी जेवणातून सहसा जात नाही.

आकडा नि लक्षणं जुळत नसतील, म्हणजे पडद्यावर १३० आणि पोरगं घामाघूम, तर बोट टोचा. सलाइनमधून सी चाललं असेल तर मात्र ग्लुकोमीटरवरही विसंबू नका, लॅबमध्ये रक्त तपासा.