लोणारवर पाच, पंधरा आणि पंचेचाळीस मिनिटं

"लोणारवर तुम्ही शाळेत पाच मिनिटं बोलता आणि व्याख्यानमालेत पाऊण तास. मोठ्या भाषणालाच कात्री लावता का?"

नाही. कात्री लावलेलं भाषण लगेच ओळखू येतं. वक्ता भरभर बोलतो आणि एकही गोष्ट पटवून देत नाही. मी आधी पंधरा मिनिटांचं भाषण लिहिते, कारण एक वाद मांडून तो निकालात काढायला एवढा वेळ लागतोच: हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं?

१९व्या शतकात अनेकांना ते ज्वालामुखीचं वाटत होतं, आणि त्यात वावगं काही नव्हतं. आजूबाजूला सगळा लाव्हाचाच काळा दगड. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि विवर त्याहून कितीतरी तरुण. मग पुरावा येतो तो मास्केलिनाइटचा. दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाला जबर धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखं होतं; तेच मास्केलिनाइट. सूक्ष्मदर्शकात प्रकाश गाळणारे दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात लावून मध्ये दगडाचा पातळ काप फिरवला, तर शेजारचे स्फटिक उजळतात-विझतात. मास्केलिनाइटचा कण मात्र कसाही फिरवा, काळाच राहतो, आणि बाह्याकार अजून स्फटिकाचाच असतो. एवढा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही.

पाच मिनिटांत फक्त हा काळा कण दाखवायचा. इतिहास नाही, सरोवराचं खारं पाणी नाही. मिनिटाला साधारण शंभर शब्द धरून चारशेच लिहिते. उरलेला वेळ चित्र पाहायला लागतो. नंतर कुणी "म्हणजे ज्वालामुखीच ना?" असं विचारलं, तर कणाला वेळ कमी दिला असं समजायचं.

पंचेचाळीसमध्ये बोलणं पस्तीसच मिनिटं, बाकी प्रश्नोत्तरं. इथे पंधराचं भाषण सैल करून चालत नाही, दुसरा प्रश्न लागतो. माझा प्रश्न वयाचा. तापदीप्तीच्या पद्धतीने, म्हणजे दगडात साठलेली ऊर्जा तापवल्यावर किती प्रकाश देते ते मोजून, विवराचं वय सुमारे ५२,००० वर्षं येतं; दगडात साठलेला आर्गॉन वायू मोजण्याच्या पद्धतीने सुमारे ५,७०,०००. तफावत दसपटीहून जास्त! दगडात जुना आर्गॉन अडकून राहिला तर वय फुगतं. साठलेली ऊर्जा हळूहळू निसटली तर वय कमी दिसतं. हे दोन्ही सावकाश सांगायला बारा मिनिटं तरी हवीत. मी मुद्दाम विसाव्या मिनिटानंतर इथे येते, कारण तोवर "उल्का पडली" हे ऐकणाऱ्यांना पटलेलं असतं आणि "कधी?" हा प्रश्न ते स्वतःच विचारू लागतात.

तिन्हींचा शेवट सारखाच आणि पाठ केलेला. अध्यक्षांचं लांबलं आणि पंधराची दहा झाली, तर १९व्या शतकाचा भाग सोडते. तो परिच्छेद कागदावर आधीच चौकटीत असतो, म्हणजे व्यासपीठावर विचार करावा लागत नाही.