आमची वाटचाल: रोजचे शंभर रुपये

आमचं वर्कशॉप शिरोली एमआयडीसीत आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही त्यांचं मशिनिंग करून देतो. आधी मी आणि दादा, दोघांची भागीदारी फर्म होती. मग एका मोठ्या कस्टमरने सांगितलं की व्हेंडर कोड पाहिजे असेल तर प्रायव्हेट लिमिटेड करा, म्हणून जून २०२१ मध्ये कंपनी केली. एक लाखाचं भांडवल, डायरेक्टर आम्ही दोघंच, शेअरहोल्डरही आम्ही दोघंच. सर्टिफिकेट आलं त्या दिवशी वहिनीने पेढे आणले, दादाने सर्टिफिकेट लॅमिनेट करून ऑफिसच्या भिंतीवर लावलं, आणि आम्ही परत मशीनवर गेलो.

मशीन किती घेतली, ऑर्डर कशा वाढल्या ते परत कधीतरी लिहीन. आज फक्त वर्षाच्या हिशोबाबद्दल लिहितोय, कारण त्यात आमचे लाखाच्या वर गेले आणि त्यातला बराचसा पैसा वाचला असता.

झालं असं की फर्मच्या वेळी जे आमचं टॅक्सचं काम बघायचे तेच कंपनीचंही बघू लागले. दर महिन्याला जीएसटी, तिमाहीला टीडीएस, वर्षाला इन्कम टॅक्स रिटर्न, सगळं वेळेत. मी दर वेळी विचारायचो, रिटर्न भरलं का, ते म्हणायचे भरलं, आणि ते खरंच भरलेलं असायचं. पण ते इन्कम टॅक्सचं. कंपनीला त्याशिवाय आरओसीकडे, म्हणजे कंपनी रजिस्ट्रारकडे दरवर्षी वेगळे फॉर्म भरावे लागतात हे त्यांनी काढलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या सीएनसीसाठी बँकेत गेलो. मी दोन वर्षांचे ताळेबंद नेले होते. ऑफिसरने कागद चाळले आणि विचारलं, ऑडिटरची सही कुठाय? मी म्हटलं, साहेब आमची उलाढाल टॅक्स ऑडिटच्या लिमिटमध्ये बसतच नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या साइटवर आमच्या कंपनीचा मास्टर डेटा उघडला होता, नाव बरोबर, पत्ता बरोबर, आमची दोघांची नावं बरोबर, आणि खाली Date of last AGM आणि Date of Balance Sheet या दोन्ही ओळींपुढे काहीच नाही. ते म्हणाले, कंपनी काढल्यापासून तुम्ही काहीच फाइल केलेलं नाही, आधी हे भरून या.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात एका सीए मॅडमकडे गेलो. कंपनी काढली तेव्हाच्या फाइलमध्ये पहिला ऑडिटर म्हणून बोर्डाच्या ठरावात ज्यांचं नाव होतं त्या याच, आणि आम्ही त्यांना तोपर्यंत भेटलोही नव्हतो. मॅडमनी समजावलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की टॅक्स ऑडिट आणि स्टॅच्युटरी ऑडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला उलाढालीची मर्यादा आहे, दुसऱ्याला नाही. प्रायव्हेट लिमिटेडने वर्षभरात एक रुपयाचा धंदा केला नाही तरी हिशोब ऑडिट करायचा, शेअरहोल्डरांच्या वार्षिक सभेत म्हणजे एजीएममध्ये ठेवायचा, आणि मग दोन फॉर्म भरायचे. एओसी-४ म्हणजे ताळेबंद, नफातोटा, ऑडिट रिपोर्ट आणि डायरेक्टरांचा अहवाल, सभेपासून ३० दिवसांत. एमजीटी-७ए म्हणजे छोट्या कंपनीचं वार्षिक विवरण, शेअर कोणाकडे किती, डायरेक्टर कोण वगैरे, सभेपासून ६० दिवसांत. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, फक्त पहिल्या वेळी वर्ष संपल्यापासून नऊ महिने मिळतात.

मी विचारलं, दंड किती? मॅडम म्हणाल्या दिवसाला शंभर रुपये, प्रत्येक फॉर्मला. मला आधी ते फारसं वाटलं नाही खरं सांगायचं तर. पण जुलै २०१८ पासून या दोन फॉर्मना असाच रोजचा दर आहे आणि त्याला वरची मर्यादाच नाही. दुसऱ्या बऱ्याच फॉर्मना उशीर झाला तर मूळ फीच्या पटीत भरावं लागतं आणि ते बारा पटीवर जाऊन थांबतं, आमच्यासारख्याला म्हणजे ३,६०० रुपयांवर. हे दोन मात्र भरेपर्यंत चालूच राहतात, कोणी नोटीस पाठवत नाही, फोन येत नाही.

मॅडमनी कागद घेतला आणि माझ्यासमोर मांडून दाखवलं. पहिलं वर्ष मार्च २०२२ ला संपलं, सभेची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२२, म्हणजे एओसी-४ ची मुदत ३० जानेवारी २०२३ ला संपली आणि एमजीटी-७ए ची १ मार्च २०२३ ला. दुसऱ्या वर्षाची सभा ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत, म्हणजे ३० ऑक्टोबर आणि २९ नोव्हेंबर. आम्ही शेवटी चारही फॉर्म १५ मार्च २०२४ ला भरले. पहिल्या वर्षाच्या एओसी-४ ला ४१० दिवस उशीर म्हणजे ४१,००० रुपये, एमजीटी-७ए ला ३८० दिवस म्हणजे ३८,०००. दुसऱ्या वर्षाचे १३७ दिवसांचे १३,७०० आणि १०७ दिवसांचे १०,७००. एकूण १,०३,४०० रुपये. आणि वेळेत भरले असते तर चारही फॉर्मची सरकारी फी प्रत्येकी ३०० प्रमाणे १,२००. सभा आम्ही मार्चमध्ये घेतली तरी चलान ती जेव्हा व्हायला हवी होती त्या तारखेपासूनच मोजून आलं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण हा सल्ला खूप जण देतात, मलाही दोघांनी दिला. म्हणाले, सभा सप्टेंबरलाच झाली असं मिनिट्समध्ये लिहून टाका, घरचीच कंपनी आहे, कोण विचारणार. मॅडमनी साफ नाही म्हटलं. ऑडिट रिपोर्टवर सीएला युडीआयएन नंबर टाकावा लागतो, तो त्यांच्या संस्थेच्या पोर्टलवर सही केल्यापासून ६० दिवसांच्या आत काढावा लागतो आणि कोणीही तो टाकून तारीख तपासू शकतं. मार्च २०२४ मध्ये सही झालेला रिपोर्ट सप्टेंबर २०२३ च्या सभेत ठेवला कसा, याला उत्तर नाही. आणि खोटं विवरण देणं हा वेगळाच गुन्हा आहे, तो उशिरापेक्षा कितीतरी जड. म्हणून आम्ही खऱ्या तारखेला, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन वर्षांच्या दोन सभा वेगवेगळ्या दिवशी घेतल्या. एकवीस दिवसांची नोटीस लागते, पण आम्ही दोघांनी कमी मुदतीला लेखी संमती दिली. दादा आणि मी समोरासमोर बसून मिनिट्सवर सह्या केल्या, दादा एक शब्द बोलला नाही त्या दिवशी.

ऑडिट करताना मॅडमनी अजून एक धागा ओढला. दादाने स्वतःचे सहा लाख कंपनीत टाकले होते, आमच्या डोक्यात ते घरचेच पैसे. पण ते डायरेक्टरकडून घेतलेलं कर्ज झालं, तर पैसे कोणाकडून उसने आणून दिलेले नाहीत असं दादाचं लेखी पाहिजे, आणि ते डिपॉझिट धरलं जात नसलं तरी दरवर्षी ३० जूनपर्यंत डीपीटी-३ नावाच्या फॉर्ममध्ये दाखवावं लागतं. तेही राहिलेलं होतं.

मग फॉर्म भरायला बसलो तर आमच्या दोघांच्या डिजिटल सह्या संपलेल्या, दोन वर्षांचीच मुदत होती. नवीन सह्यांचे टोकन आले तर डीआयएन म्हणजे डायरेक्टरचे ओळख नंबर बंद, कारण डायरेक्टरची केवायसी केलेली नव्हती, ती तेव्हा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत करावी लागायची. वेळेत केली तर फुकट, चुकली की माणशी ५,००० रुपये. ते दहा हजार भरले, डीआयएन चालू झाले, तेव्हा कुठे बाकीचं पुढे सरकलं. म्हणून कोणाचं असं राहिलं असेल तर आधी सही आणि डीआयएन तपासा, नाहीतर त्यात दहा-बारा दिवस जातात आणि आमचे त्या प्रत्येक दिवसाला चारशे रुपये जात होते.

हे शंभर रुपये म्हणजे कायद्याच्या भाषेत जादा फी आहे, दंड वेगळा. कलम ९२ आणि १३७ खाली कंपनीला दहा हजार आणि वर पुन्हा रोजचे शंभर, दोन लाखांपर्यंत, डायरेक्टरला पन्नास हजारांपर्यंत, छोट्या कंपनीला यातलं निम्मं. पण हा दंड आपोआप लागत नाही, रजिस्ट्रारकडून नोटीस येऊन सुनावणी होते, आणि नोटीसच्या आधी किंवा नोटीस आल्यापासून ३० दिवसांत फॉर्म भरून टाकला तर या दोन कलमांचा दंड लावत नाहीत. मॅडम घाई करत होत्या ती यासाठी. सभा उशिरा घेतली त्याला मात्र ही सवलत नाही, तिथे एक लाखापर्यंत आणि पुढे दिवसाला पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यासाठी कंपाउंडिंगचा, म्हणजे ठरवलेली रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, तो आम्ही स्वतःहून केलाय.

सगळ्यात जास्त भीती मला वाटली ती पैशाची नाही. सलग तीन वर्षं हिशोब किंवा वार्षिक विवरण भरलं नाही तर कलम १६४ खाली डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र होतो, या कंपनीत परत नेमणूक नाही, दुसऱ्या कुठल्या कंपनीत डायरेक्टर होता येत नाही. २०१७ मध्ये देशभरात तीन लाखांहून जास्त डायरेक्टर असे अपात्र ठरवले होते. आमची दोन वर्षं गेली होती. बँकेत त्या दिवशी गेलो नसतो तर तिसरंही तसंच गेलं असतं, आणि दादाचा मुलगा इंजिनिअर होऊन येतोय, त्याच्याबरोबर नवीन युनिट काढायचं म्हटलं तर आमचं नावच चाललं नसतं.

आता आमची पद्धत अशी आहे की १० एप्रिलला मी बँकेची स्टेटमेंट, ३१ मार्चची स्टॉकची मोजणी आणि कोणाकडून किती येणं आहे त्याचे कस्टमरच्या शिक्क्याचे कागद मॅडमकडे पोचवतो. मोजणी ३१ मार्चलाच करतो, नंतर आठवून लिहिली की कस्टमरचं कास्टिंग आणि आपला माल यात गोंधळ होतो, पहिल्या वर्षी ऑडिटला सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. सभा ऑगस्टमध्येच घेतो. टॅक्सचं काम आधीच्याच गृहस्थांकडे आहे, पण आता त्यांना मी रिटर्न भरलं का असं विचारत नाही, फॉर्मचं नाव घेऊन विचारतो आणि चलानची पीडीएफ मागवून घेतो.

मशीनचं कर्ज त्या वर्षी जूनमध्ये मंजूर झालं. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षाचा एओसी-४ सप्टेंबरमध्ये भरला, ३०० रुपये. ते चलान दादाने प्रिंट काढून भिंतीवरच्या सर्टिफिकेटच्या खाली लावलंय, आणि दर वर्षी नवीन आलं की जुन्यावर टाचतो.