वय सोळा आणि वय तीस

"कॉलेजात आम्हीही गांजा ओढला आणि आमचं काही बिघडलं नाही. मग सोळा वर्षांच्या मुलाची एवढी काळजी कशाला?"

समुपदेशनासाठी येणारे वडील हे विचारतात, तेव्हा मी त्यांना न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन शहराविषयी सांगतो. तेथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. त्यांची बुद्धिमापन चाचणी गांजा सुरू होण्याच्या वयाआधी झाली होती आणि 38व्या वर्षी ती पुन्हा घेण्यात आली. किशोरवयात सुरुवात करून पुढे अनेक वर्षे व्यसनात राहिलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी सुमारे 8 गुणांनी घसरला होता. शंभर जणांच्या रांगेत बरोबर मध्यावर असलेला माणूस इतक्या घसरणीने खालून 29व्या जागेच्या आसपास येतो. प्रौढपणी सुरुवात करणाऱ्यांत मात्र अशी घसरण दिसली नाही.

वयाने हा फरक का पडावा? मेंदू स्वतःही गांजातील टीएचसीसारखी द्रव्ये तयार करतो आणि पेशींमधील संदेशांची तीव्रता त्यांच्या साहाय्याने आवरतो. किशोरवयात मेंदूच्या पुढच्या भागातील अनावश्यक जोडण्या छाटल्या जातात, उरलेल्या पक्क्या होतात, आणि हे काम पंचविशीपर्यंत चालते. प्राण्यांवरील प्रयोगांवरून असे दिसते की या घडणीतही त्याच द्रव्यांचा हात असतो. म्हणजे तिशीतल्या माणसाच्या बाबतीत बांधून झालेल्या घरात धूर शिरतो, तर सोळाव्या वर्षी तो गवंड्याच्याच डोळ्यांत जातो.

तरीही ड्यूनेडिनचा आकडा मी भीती घालण्यासाठी वापरत नाही. पुढे अमेरिकेत जुळ्या भावंडांची तुलना झाली, तेव्हा गांजा ओढणारे भावंड न ओढणाऱ्याच्या फारसे मागे आढळले नाही. घसरणीचा काही वाटा घरच्या परिस्थितीचा असावा, हा आक्षेप मला रास्त वाटतो. अधूनमधून ओढणाऱ्या मुलाला तो 8 गुणांचा आकडा लावणे तर सरळसरळ चूक आहे.

मला अधिक उपयोगी वाटतो तो बॉस्टनमधील 2018चा अभ्यास. त्यात नियमित गांजा घेणाऱ्या 16 ते 25 वयोगटातील काही जणांनी महिनाभर तो बंद ठेवला आणि लघवीच्या तपासणीने त्याची खातरजमा करण्यात आली. नवे शब्द ऐकून लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता बव्हंशी पहिल्याच आठवड्यात सुधारली. एकाग्रतेत मात्र महिन्याभरातही तशी सुधारणा आढळली नाही.

माझ्याकडे आलेल्या बारावीच्या एका मुलाची तक्रार होती की वाचलेले राहत नाही. मी त्याला पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवली आणि अर्ध्या तासाने विचारली, तेव्हा त्याला सहा शब्द आठवले. गांजा बंद केल्यानंतरच्या दहाव्या दिवशी तशाच दुसऱ्या यादीतले अकरा आठवले. (सरावाचाही त्यात थोडा वाटा असणारच.) वडील खूश झाले, पण मुलगा म्हणाला, "सर, शब्द आठवतात, पण तासाला वीस मिनिटांनंतर फळ्यावर काय चाललंय ते कळत नाही." पुढच्या तीन महिन्यांच्या भेटी आम्ही त्या वीस मिनिटांसाठीच ठेवल्या.