आधी खिडकी, मग मोबाइल

“घरात व्हिडिओ काढला की तो हलतो आणि चेहरा काळपट दिसतो. ट्रायपॉड, लाइट असं काही विकत न घेता मोबाइलवर नीट व्हिडिओ कसा काढायचा?”

या दोन तक्रारींचं मूळ बऱ्याचदा एकच असतं, ते म्हणजे कमी उजेड. सेकंदाला ३० फ्रेम घेताना मोबाइल एका फ्रेमला जास्तीत जास्त १/३० सेकंद देऊ शकतो. अंधाऱ्या खोलीत तो तेवढा सगळा वेळ वापरतो, आणि तेवढ्यात हात जरासा हलला की ती फ्रेम पुसट होते. मोबाइलमधलं सॉफ्टवेअरचं स्टॅबिलायझेशन फ्रेम सरकवून एकमेकींशी जुळवतं, पण फ्रेम मुळातच पुसट असेल तर तिला काही करू शकत नाही. म्हणून चित्र स्थिर असूनही थरथरल्यासारखं वाटतं. वर चेहऱ्यावर दाणे येतात आणि ते झाकण्याच्या नादात मोबाइल त्वचा गुळगुळीत, मेणासारखी करून टाकतो.

एका जागी बसून बोलायचं असेल तर दिवसा करा. खिडकीपासून साधारण एक मीटरवर खुर्ची ठेवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलात की उजेड फार झपाट्याने घटतो. नेमकं कुठे तोंड करायचं हे आरशात कळतं. छोटा आरसा चेहऱ्यासमोर धरा, खुर्चीत हळूहळू वळा आणि चेहऱ्यावरच्या सावल्या बघा. खिडकी पाठीशी असताना चेहरा काळा दिसेल, अगदी समोर असताना सपाट. या दोन्हींच्या मधे, खिडकी समोरून थोडी बाजूला आली की चेहऱ्याला गोलाई येते. तीच जागा. उन्हाची तिरीप थेट येत असेल तर पातळ पांढरी चादर पडद्यासारखी लावा. दुसरा गाल फार काळोखा वाटला तर त्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर, खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाका. खोलीतले दिवे मात्र बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर होतो, आणि तो नंतर एडिटिंगमध्ये धड सुधारतही नाही.

आता मोबाइल. मागचाच कॅमेरा वापरा, आणि त्यातलाही मुख्य, म्हणजे 1x. बऱ्याच मोबाइलमध्ये तोच सर्वांत जास्त उजेड घेतो. टेबलावर पुस्तकांची चळत रचा, लेन्स डोळ्यांच्या उंचीला यायला हवी. दोन जाड पुस्तकं उभी करून त्यांच्या फटीत मोबाइल आडवा बसवा, नुसता टेकवून ठेवलेला मोबाइल हळूहळू घसरतो. खाली टॉवेलची घडी घातली तर टेबलाची थरथर वर येत नाही. बोलताना त्याच टेबलावर हात आपटायचे नाहीत, आणि एअरप्लेन मोड लावायचा. लेन्स सुती कपड्याने पुसायला विसरू नका. बोटाचा चिकट डाग असला की खिडकीच्या उजेडात सगळं धुरकट दिसतं.

मागच्या कॅमेऱ्यात आपण स्वतःला दिसत नाही, तिथे लोक अडतात. मिनिटभर कुणालातरी खुर्चीत बसवा आणि स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. आयफोनवर AE/AF LOCK अशी पट्टी दिसते, बऱ्याच अँड्रॉइडवर कुलपाचं चिन्ह येतं. कुणीच नसेल तर डोक्याच्या जागी पुठ्ठ्याचा खोका ठेवा. पांढरी उशी नको, कारण मोबाइल तिच्या हिशोबाने उजेड कमी करतो आणि तुमचा चेहरा काळा पडतो. लॉक केलं नाही, तर तुम्ही हात हलवला की चित्र उजळतं-मंदावतं आणि फोकस मागेपुढे होतो. मग रेकॉर्डिंग सुरू करा, जाऊन बसा, दोन-तीन सेकंद थांबून बोला. बटण दाबतानाचा हिसका नंतर कापता येतो.

मोबाइल हातातच धरायचा असेल तर पाठ भिंतीला टेकवा, दोन्ही कोपरं बरगड्यांना लावा आणि वळायचं ते कमरेतून. चालत काढणं घरात टाळलेलंच बरं.

रात्रीचं प्रकरण वेगळं आहे. दिव्याच्या थेट खाली बसू नका, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात. टेबललॅम्प असेल तर तो जवळच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसा. चित्रात पट्टे सरकताना दिसले तर दोष विजेच्या लयीचा असतो. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि ३० फ्रेमशी ते जुळत नाही. तिथे २५ फ्रेम निवडा; आयफोनमध्ये त्यासाठी Settings मधल्या Camera, Record Video इथे Show PAL Formats चालू करावं लागतं. अँड्रॉइडमध्ये प्रो व्हिडिओ असेल तर त्यात शटर, म्हणजे एका फ्रेमला दिलेला वेळ, १/५० सेकंद ठेवा. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे ३० फ्रेम आणि १/६० चालतं. एवढं करूनही पट्टे राहिले तर दिव्याचा डिमर बघा, तो पूर्ण वर नेला की बऱ्याचदा ते जातात. आणि पंख्याची पाती दिव्याखालून फिरत असतील, तर जी लुकलुक दिसते ती सावलीची आहे. तिला कुठलंही सेटिंग लागू पडत नाही, पंखाच बंद करावा लागतो.