बेंजीसोबत कोण आहे, ते बघा

मालवणात सकाळपासून पाऊस धो धो, लाईटही गेलेली. पडवीत बसून फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' वाचतेय. 1929 ची कादंबरी. सुरुवातीच्या पानांत धागा सुटतोच, कारण सांगणाऱ्या बेंजीला आज आणि लहानपण यातला फरकच कळत नाही. सांभाळणाऱ्या लस्टरसोबत कुंपणातून जाताना तो खिळ्याला अडकतो, आणि लगेच त्याला सोडवते ती बहीण कॅडी! आपण एकदम कडाक्याच्या थंडीतल्या जुन्या दिवसात.

अक्षरं तिरकी झाली की बहुतेकदा काळ बदलतो, पण दरवेळी नाही. त्यापेक्षा बेंजीला सांभाळणारा पोरगा बघा. व्हर्श असेल तर लहानपण, टी. पी. असेल तर तरुणपण, लस्टर असेल तर आज, म्हणजे 1928. मी समासात पेन्सिलीने व, टी, ल लिहीत जाते. क्वेंटिन मात्र दोन आहेत, बेंजीचा भाऊ आणि त्याची भाची. तिथे इंग्रजी सर्वनाम 'ही' की 'शी' एवढंच तपासायचं.

सांभाळणाऱ्या तिघांपैकी कोणीच नसेल तर प्रश्नचिन्ह टाकून पुढे सरका. बरीचशी प्रश्नचिन्हं पुढच्या भागांत सुटतात, बेंजीचे भाऊ क्वेंटिन आणि जेसन बोलायला लागले की. एका बैठकीत दहा-बारा पानं पुरेत, आणि दुसऱ्या दिवशी आदलं पान परत वाचूनच सुरुवात करा.